मोबदल्याच्या घरातले कीर्तन: कृतज्ञता, गर्व आणि गरीब नातलग

गावाकडे नवे घर बांधले की वास्तुशांतीला सकाळी पूजा, दुपारी पंगत आणि रात्री कीर्तन ठेवण्याची रीत आहे. गेल्या काही वर्षांत अशी बरीच कीर्तने एका खास प्रकारच्या घरात होऊ लागली आहेत. जमीन महामार्गात, धरणात किंवा औद्योगिक वसाहतीत गेली, मोबदला मिळाला आणि दोन खोल्यांच्या मातीच्या घराजागी दुमजली बंगला उभा राहिला. समोर बसलेल्या निम्म्या नातलगांच्या घरी परिस्थिती अजून पूर्वीचीच आहे. अशा घरी कीर्तनकाराने काय सांगावे, कोणत्या क्रमाने सांगावे आणि कुठे थांबावे, हे या लेखात मांडले आहे.

प्रसंग नीट समजून घ्या

व्यापारात किंवा नोकरीत पैसा हळूहळू वाढतो. माणसाला त्याची सवय होते आणि नातलगांनाही होते. मोबदल्याचे तसे नसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनचा गुणक लागतो आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. म्हणजे बाजारभावाच्या चौपटीपर्यंतचा आकडा एका दिवशी खात्यावर येतो. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला. त्याच्या कडेच्या गावांनी हा बदल डोळ्यांदेखत पाहिला.

या पैशाच्या दोन गोष्टी कीर्तनकाराने मनात पक्क्या ठेवाव्यात. पहिली अशी की तो एकदाच येतो. जमीन दर वर्षी पीक देत होती, ती आता नाही. दुसरी अशी की तो कोणाला मिळावा हे नकाशावरच्या रेषेने ठरवले. रस्ता एका भावाच्या गटातून गेला आणि चुलतभावाचा गट शंभर फुटांवर कोरडाच राहिला. दोघांनी सारखेच कष्ट केले होते, एकाच विहिरीवर पाळीपाळीने मोट धरली होती. आज एकाच्या दारात चारचाकी आहे आणि दुसऱ्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज. कृतज्ञता, गर्व आणि दान हे तिन्ही विषय या एका वस्तुस्थितीतून निघतात. कीर्तनही तिथूनच निघायला हवे.

कीर्तनाआधी घरच्यांशी बोलणे

ज्या घरी बोलायचे त्या घराची माहिती नसेल तर उपदेश हवेत जातो. म्हणून कीर्तनाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच संध्याकाळी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी, बहुधा आईशी किंवा आजीशी, अर्धा तास बोलावे. तिला घराचा खरा इतिहास माहीत असतो आणि सांगायला तिला आवडतेही.

विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ही जमीन कोणी आणि कशी राखली? १९७२ च्या दुष्काळात घरातले कोण खडी फोडायला गेले, तेव्हा जमीन विकायची वेळ आली होती का, आणि ती कोणामुळे टळली? मुले शिकायला कोणाच्या घरी राहिली? आजारपणात कोणी पैसे दिले आणि ते परत मागितलेच नाहीत? शेवटचा प्रश्न जपून विचारावा: लेकींचे काय ठरले?

या बोलण्यातून नावे मिळतात. ती नावे कीर्तनात जशीच्या तशी घ्यायची नाहीत, कारण मंडपात नाव घेतले की उपकार करणाराही अवघडतो आणि घेणाराही. पण कीर्तनकाराला ती माहीत असली की त्याचे बोलणे नेमके त्या दिशेने जाते. मावशीच्या घरी राहून शिकलेल्या माणसाला मावशीचा उल्लेख झाला नाही तरी कळते.

पूर्वरंग: पैसा कोणकोणाच्या हातांतून आला

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात विषयाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याला धरून आख्यान येते. कृतज्ञतेचे निरूपण करताना बहुतेक जण लगेच देवावर येतात: देवाने दिले, देवाचे आभार माना. हे खरे असले तरी ऐकणाऱ्याला फार सोपे पडते. देवाचे आभार मानायला काही खर्च येत नाही. देव काही दारात येऊन उभा राहत नाही. चुलता उभा राहतो.

म्हणून देवापर्यंत जाण्याआधी मधली माणसे मोजायला लावावीत. कीर्तनकार असे म्हणू शकतो: “दादा, ही जमीन तुमच्या हाती आली तेव्हा ती कोणाच्या तरी हातांतून आली. आजोबांनी ती विकली नाही. आजीने अंगावरचे डोरले मोडले पण सातबारा मोडू दिला नाही. तुम्ही शाळेत गेलात तेव्हा तुमच्या वाटचे शेण कोणी उचलले, बैलांना पाणी कोणी पाजले? जो भाऊ शिकला नाही तो शिकला का नाही, हे आठवा.” घरातला एक शिकला याचे कारण पुष्कळदा दुसऱ्याची सुटलेली शाळा असते. मोबदल्याच्या कागदावर त्या दुसऱ्याची सही कुठेच नसते.

एवढे झाल्यावर देवाचे नाव घ्यावे. आता त्याला वजन येते. रेषा आपल्या गटातून गेली यात आपले कर्तृत्व काही नाही, हे एकदा मान्य झाले की उरते ते केवळ मिळालेले. मिळालेल्याचा अभिमान कसा धरायचा, हा प्रश्न ऐकणाराच स्वतःला विचारतो.

गर्व कसा बोलतो

गर्वावर बोलताना रावण आणि दुर्योधन यांची उदाहरणे देऊ नयेत. ऐकणाऱ्याला वाटते की आपण काही रावण नाही आणि तो निवांत बसतो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात याहून उपयोगी गोष्ट आहे. तिथे तेराव्या श्लोकापासून आसुरी वृत्तीचा माणूस स्वतःशी काय बोलतो ते सांगितले आहे. आज हे मिळाले, उद्या ते मिळवीन. एवढे माझे आहे, तेवढेही होईल. माझ्यासारखा दुसरा कोण आहे, असा त्याचा सूर असतो. इथपर्यंत नवल नाही. पण त्याच बोलण्यात पुढे तो म्हणतो की मी यज्ञ करीन, मी दान देईन, मी आनंद करीन.

दान देण्याचा विचार गीतेने गर्विष्ठ माणसाच्या तोंडी घातला आहे, आणि या घरी नेमके हेच सांगायला हवे. अचानक आलेल्या पैशाचा गर्व फार कमी वेळा कंजूषपणातून दिसतो. तो देण्यातून दिसतो. मंदिराला कळस दिला आणि पाटीवर नाव मोठे कोरले. भाच्याच्या लग्नात आहेर इतका जड केला की मामाच्या इतर भावांना मान वर करता आली नाही. सप्ताहाच्या पंगतीचा खर्च उचलला आणि स्पीकरवरून तीनदा पुकारून घेतला. हे सगळे दानच आहे आणि या सगळ्यांत मीपणाही आहे.

घरच्यांना ओळखता येईल अशा खुणा सांगाव्यात. पूर्वी ज्या चुलतभावाचे मत शेतीच्या प्रत्येक कामात विचारले जायचे, त्याला आता विचारले जाते का? त्याचा फोन आला की “पैशासाठीच असेल” असे मनात आधी येते का? जुने दिवस कोणी काढले की विषय बदलला जातो का? मुलांनी आत्याच्या घरी राहायला जायचे टाळले तर त्यांना कोणी समजावते का? मुलांची खूण सर्वांत खरी, कारण घरात जे उघड बोलले जात नाही ते मुले वागण्यात उतरवतात.

हक्क आधी, दान नंतर

आता या कीर्तनाच्या मध्यावर येतो. इथे संत तुकारामांची गोष्ट सांगावी, आणि ती पूर्ण सांगावी. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत टाकली, हे सर्वांना माहीत असते. संतचरित्रांतल्या या कथेचा एक भाग मात्र सांगताना गळून जातो. खते नदीत टाकण्याआधी त्यांची वाटणी झाली. निम्मी खते धाकटा भाऊ कान्होबा याला दिली आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.

एवढा मोठा त्याग करणाऱ्या माणसानेही भावाच्या हिश्शातून त्याग केला नाही. प्रथम ज्याचे त्याला दिले, मग आपले सोडले. मोबदल्याच्या घरात हाच क्रम उलटा होताना दिसतो.

एक घर कल्पनेने घेऊ. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन होती. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. जमीन रस्त्यात गेली आणि १ कोटी ८० लाख रुपये आले. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन्ही मुलगे आणि मुलगी यांचे वाटे सारखे, म्हणजे प्रत्येकी ४५ लाख. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असती तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिलेला आहे. त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले.

प्रत्यक्षात काय होते? मोबदला जाहीर होताच बहिणीला माहेरी बोलावतात. साडी नेसवतात, गोडाधोडाचे करतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. तीही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. मग दोघे भाऊ ९०-९० लाख धरतात. पुढच्या दिवाळीला थोरला भाऊ बहिणीच्या मुलीच्या शिक्षणासाठी १ लाख देतो आणि आपण किती केले हे चार जणांना सांगतो. भाची मामाच्या पाया पडते.

या व्यवहारात दान कुठेच नाही. बहिणीच्या ४५ लाखांतले १ लाख तिला परत मिळाले आणि वर उपकाराचे ओझे तिच्या डोक्यावर बसले. आईच्या वाट्याचे तर नावही निघत नाही. ती दवाखान्याच्या पैशांसाठी सुनेकडे हात पसरते. कीर्तनकाराने हे शांतपणे, कोणाकडे न पाहता सांगावे: “गरीब नातलगाला मदत करायची म्हणता, फार चांगले. पण तो गरीब का आहे ते आधी पाहा. त्याच्या वाट्याचे आपल्या कपाटात तर नाही ना? असेल तर ते दान नव्हे, ती परतफेड. परतफेड मान खाली घालून करायची असते.”

बहिणीने मनापासून, कोणाच्या दबावाशिवाय आणि आकडा माहीत असताना हक्क सोडला असेल तर तो तिचा मोठेपणा आहे आणि तो घराने तसाच बोलून दाखवावा. मात्र तिला आकडा सांगितला होता का, विचार करायला वेळ दिला होता का, हे दोन प्रश्न घरच्यांनी स्वतःला विचारावेत. उत्तर नाही असेल तर सही असूनही तिला पुन्हा विचारण्याची वाट मोकळी आहे.

उत्तररंग: दोन दारे

अशा घरी आख्यान म्हणून सुदामचरित्रच मागितले जाते. भागवताच्या दशम स्कंधातल्या ऐंशी आणि एक्याऐंशीव्या अध्यायांतली ही कथा. अडचण अशी की ऐकणारे घर स्वतःला सुदामा समजते: आम्ही गरीब होतो, देवाने झोपडीचा वाडा केला. कथा तिथेच थांबली तर ती गर्वाला खतपाणी घालते. म्हणून कीर्तनकाराने घराची जागा बदलावी. कालपर्यंत तुम्ही सुदामा होतात. आज तुमच्या दारी सुदामा येणार आहे, आणि तुम्हाला द्वारकेच्या यजमानाचे काम आले आहे.

मग कृष्णाने काय केले ते एकेक पायरी उलगडून सांगावे. मित्र दिसताच तो पलंगावरून उठून पुढे गेला. आपल्या आसनावर त्याला बसवले, पाय धुतले. “कसे काय येणे केले?” असे विचारले नाही, कारण गरजू माणसाला तो प्रश्न सुरीसारखा लागतो. सांदीपनींच्या आश्रमातल्या आठवणी काढल्या: गुरुपत्नीच्या सांगण्यावरून सरपण आणायला गेलो होतो, वादळपावसात रात्रभर रानात अडकलो होतो. या आठवणींनी दोघे पुन्हा बरोबरीचे झाले. त्यानंतर कृष्णाने आपण होऊन मागितले: माझ्यासाठी काय आणले आहेस? पोहे लपवणाऱ्या हातातून ते ओढून घेतले आणि मिटक्या मारत खाल्ले. देण्याआधी त्याने घेतले, म्हणून सुदामा याचक ठरला नाही.

सर्वांत शेवटची गोष्ट अशी की सुदाम्याच्या हातात काही ठेवले नाही. तो रिकाम्या हातांनी निघाला, वाटेत कृष्णाच्या प्रेमाचाच विचार करत गेला, आणि घरी पोचल्यावर त्याला सर्व कळले. दिलेले कोणी पाहिले नाही. द्वारकेतल्या एकाही माणसाला सुदाम्याकडे “याला राजाने दिले” म्हणून बोट दाखवता आले नाही.

याच्या शेजारी महाभारतातले दुसरे दार ठेवावे. आदिपर्वात द्रोण आणि द्रुपद यांची कथा आहे. तेही आश्रमातले सोबती. मुलाला दूध देण्याची ऐपत द्रोणाला नव्हती. अश्वत्थामा पिठाचे पाणी दूध म्हणून प्यायला आणि आनंदाने नाचला, तेव्हा बापाच्या काळजाला घरे पडली. तो पांचालच्या राजाकडे, आपल्या मित्राकडे गेला. द्रुपदाने सांगितले की मैत्री बरोबरीच्यांत होते, राजा आणि दरिद्री यांची मैत्री कसली?

द्रोण काहीही न घेता परतला. पुढे शिष्यांकडून त्याने द्रुपदाला बांधून आणवले आणि अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने द्रोणाचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. धृष्टद्युम्नाने द्रोणाला मारले, अश्वत्थाम्याने धृष्टद्युम्नाला मारले. दारात बोललेल्या एका वाक्याचा शेवट दोन्ही कुळांच्या नाशात झाला. त्या दिवशी द्रुपदाला फार काही द्यावे लागले नसते. एक दुभती गाय पुरली असती.

दोन्ही कथा पाठोपाठ सांगितल्या की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नुसते विचारावे: “उद्या सकाळी चुलतभाऊ येईल तेव्हा हे दार कोणाचे असेल?”

देण्याची रीत

आख्यानानंतर लोक भारावलेले असतात. त्या भरात कोणी स्पीकरवरून देणगी जाहीर करण्याआधी कीर्तनकाराने व्यवहाराचे चार शब्द बोलावेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिलेले सात्त्विक. मोबदल्याच्या आशेने किंवा मनाला क्लेश करून घेत दिलेले राजस. आणि अनादराने, तुच्छतेने दिलेले तामस. रक्कम कितीही मोठी असली तरी अपमान करून दिले की ते तिसऱ्या वर्गात जाते.

घरापुरते बोलायचे तर आधी स्वतःच्या वाट्यातून पोटापाण्याची सोय वेगळी काढावी. दुसरीकडे जमीन घेणे किंवा बँकेत मुदत ठेव करणे ही ती सोय. जमीन गेलेल्या घराने सगळे वाटून टाकले तर पुढच्या पिढीत तेच घर दुसऱ्याच्या दारात उभे राहील. उरलेल्यातून वर्षाला किती द्यायचे ते नवरा-बायकोने मिळून ठरवावे. एकाने लपून दिले की दुसऱ्याच्या मनात त्या नातलगाबद्दल अढी बसते.

देताना ते उसने आहे की दिलेले आहे, हे त्याच वेळी स्पष्ट बोलावे. “बघू, जमेल तेव्हा दे” या वाक्याने जितकी नाती तुटतात तितकी नकाराने तुटत नाहीत. घेणारा ते दान समजतो, देणारा कर्ज समजतो, आणि दोन वर्षांनी एखाद्या लग्नात शब्द निघतो. ज्यांच्याकडून परत येणार नाही हे माहीत आहे त्यांना “हे तुझेच” म्हणून द्यावे आणि विसरावे. जुने उसने राहिले असेल तर ते सोडल्याचे एकांतात सांगावे.

शिक्षणाचे पैसे मुलाच्या शाळा-महाविद्यालयात परस्पर भरावेत. बापाला हात पसरावा लागत नाही आणि रक्कम दुसरीकडे वळत नाही. दवाखान्याच्या वेळी मागण्याची वाट पाहू नये. सणाला गेल्यावर गरीब नातलगाच्या घरी जेवावे, त्याने दिलेले फडके, नारळ, शेतातल्या शेंगा आनंदाने घ्याव्यात. आणि लग्नकार्यात आहेर इतकाच करावा की परत करताना समोरच्याला कर्ज काढावे लागणार नाही. जास्त द्यायचे असेल तर ते आहेराबाहेर, न बोलता द्यावे.

कीर्तनकाराने काय टाळावे

या कीर्तनात सर्वांत मोठा धोका बिदागीचा असतो. मोबदल्याच्या घरची बिदागी नेहमीपेक्षा जास्त असते, आणि तिच्यामुळे जीभ जड होते. यजमानाला मंडपात ‘दानशूर’ म्हटले की मागचे सगळे निरूपण वाया गेले. गर्वाविरुद्ध बोलणाऱ्यानेच गर्वाला हार घातला असे होते. म्हणून बिदागी नेहमीची तेवढीच घ्यावी आणि ती आधी ठरवावी.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. काही जण टाळ्यांसाठी यजमानाला भर सभेत टोचून बोलतात. गरीब नातलगांना त्या क्षणी बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते. यजमान समजतो की यांनीच कीर्तनकाराचे कान भरले. हक्कसोडपत्राचा विषय तर नाव, गाव, नाते यांचा कोणताही धागा न ठेवता काढावा. त्यापुढचे बोलणे आई आणि थोरला मुलगा यांच्याशी एकांतात व्हावे, आणि वाटणीचा प्रश्न खरोखर अडला असेल तर वकिलाकडे जायला सांगावे. निवाडा करणे कीर्तनकाराचे काम नाही.

नातलगांनाही दोन शब्द सांगावेत. ज्याच्याकडे आले त्याने द्यायलाच हवे, असा हिशेब ते मनात मांडू लागले की मत्सर आणि गर्व एकमेकांना पोसतात. भावाचे भले झाले याचा आनंद मानता येणे ही गरिबीतली श्रीमंती आहे, आणि ती मागितल्याशिवाय मिळालेल्या मदतीहून मोठी आहे.

परिणाम कशावरून ओळखावा

डोळ्यांत पाणी आले म्हणजे कीर्तन लागले असे नाही. ते पाणी आरतीच्या आधीच वाळते. वर्षभरात तीन गोष्टी पाहाव्यात. बहिणीला आणि आईला त्यांच्या वाट्याबद्दल विचारले गेले का? चुलतभाऊ पूर्वीइतक्याच मोकळेपणाने या घरात वाद घालतो का? आणि घरातली मुले गरीब आत्याच्या घरी मुक्कामाला जातात का? नातलग समोर हो-हो म्हणू लागले, वाद घालेनासे झाले, तर समजावे की पैसा दिला गेला पण बरोबरी काढून घेतली गेली.

ज्या घरी यंदा मोबदला आला असेल त्यांनी कळसाची, कमानीची किंवा महाप्रसादाची पावती फाडण्याआधी एक काम करावे. बहिणीला फोन करून पूर्ण आकडा सांगावा, आईच्या नावाचे वेगळे खाते उघडावे, आणि त्यानंतर जे उरेल त्यालाच आपले म्हणावे. दान त्या उरलेल्यातूनच सुरू होते.